धडा विसरलो बरोबर, धडा वाचलो चूक

सोलापुरात मराठीचा मास्तर म्हणून वह्या तपासताना काही वाक्यं इतक्यांदा भेटतात, की ती पाठच होतात. त्यातलाच हा एक नमुना, पाचवीतल्या मुलाच्या 'माझी सकाळ' या निबंधातला: 'मी लवकर उठलो. मी दात घासलो. मी धडा वाचलो. मग मी शाळेत गेलो. सर विचारले तेव्हा मी धडा विसरलो.'

यावर तांबडं पेन कुठं कुठं फिरतं ते सांगतो. 'घासलो'चं 'घासले' होतं, 'वाचलो'चं 'वाचला' होतं, 'सर विचारले'चं 'सरांनी विचारले' होतं. 'उठलो', 'गेलो' आणि शेवटचं 'विसरलो' यांना कुणी हात लावत नाही. वही परत मिळाली की मुलगा दोन वाक्यं शेजारी ठेवून विचारतो, "सर, धडा विसरलो म्हटलं की बरोबर, न् धडा वाचलो म्हटलं की चूक? असं कसं सर?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बहुतेक वेळा त्याला मिळणारं उत्तर असं असतं: "अरे, कानाला कसं वाटतंय ते बघ की." आता त्याच्या कानाला तर 'वाचलो' हेच बरोबर वाटतंय. त्याची आई तसंच म्हणते, गल्लीतला दुकानदार तसंच म्हणतो, आणि खरं सांगायचं तर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतसुद्धा "मी डबा खाल्लो" असंच ऐकू येतं.

प्रमाण मराठीचा नियम असा, की भूतकाळात क्रियापदाला कर्म असेल तर क्रियापद कर्माच्या मागं जातं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापदाला खाणाऱ्याचं काही देणंघेणं नाही. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. सोलापुरात, विशेषतः शहरात आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या बाजूला, क्रियापद कर्त्याला धरून राहतं. मी आंबा खाल्लो, मी पोळी खाल्लो, मी केळं खाल्लो. 'तो काम केला', 'आई स्वयंपाक केली', 'सर सांगितले'. 'ने' आणि 'नी' लागतच नाहीत. लातूर-नांदेडकडंही हेच ऐकू येतं. माळशिरसकडं जावं तसं माझ्या कानाला ते विरळ होत जातं.

आता त्याच वर्गातल्या मुलीची वही बघा. ती लिहिते, 'मी दात घासले. मी काम केले. मी वही आणले. मी धडा वाचले.' शिक्षक पहिल्या दोन वाक्यांवर बरोबरची खूण करतात आणि पुढच्या दोन वाक्यांवर फुली मारतात. पण मुलीनं चारही वाक्यं एकाच नियमानं लिहिलीत. ती 'मी आले', 'मी गेले' म्हणते, म्हणून 'मी घासले', 'मी केले', 'मी आणले', 'मी वाचले'. सगळीकडं क्रियापद तिच्या स्वतःच्या मागं आहे. 'दात' अनेकवचनी पुल्लिंगी आहे आणि 'काम' नपुंसकलिंगी आहे, एवढ्या योगायोगानं तिचं रूप छापील मराठीच्या रूपाशी तंतोतंत जुळलं. शेजारच्या मुलानं 'मी काम केलो' लिहिलं, त्याला फुली मिळाली. दोघांचा नियम एकच, आणि गुण मात्र वेगळे. मुलींचं शुद्धलेखन मुलांपेक्षा चांगलं असतं असं आपण सहज बोलून जातो. त्यातला थोडा वाटा या 'ले'चा असावा, असा मला दाट संशय आहे.

चूक आणि बोली यांतला फरक ओळखायची खूण इथंच मिळते. चूक एकदा होते, एकदा होत नाही. आज 'आंबा खाल्ली' आणि उद्या 'आंबा खाल्ले' असं काहीही होऊ शकतं. बोलीचं रूप मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच तऱ्हेनं येतं. एका मुलाची दहा वाक्यं घ्या, कर्म बदलत न्या आणि बघा. क्रियापद ढळत नसेल तर तो मुलगा व्याकरण मोडत नाहीये, दुसरं व्याकरण पाळतोय.

हे व्याकरण आलं कुठून, याचं उत्तर आमच्या पूर्व भागात दोन चौक चाललं तरी मिळतं. आमच्या घरात तेलुगू. आजी गिरणीच्या दिवसांत इकडं आलेल्या विणकरांच्या घरातली. मरेपर्यंत तिचा हिशेब तेलुगूत चालायचा. तेलुगूत 'मी धडा वाचला' म्हणजे 'नेनु पाठं चदिवानु'. त्यातला 'नु' मी-साठी आहे, धड्याशी त्याचा संबंध नाही. तो वाचला तर 'चदिवाडु', ती वाचली तर 'चदिविंदि'. कानडीतही तेच: 'नानु पाठ ओदिदे', 'अवनु ओदिदनु', 'अवळु ओदिदळु'. या दोन्ही भाषांत क्रियापद कर्माकडं ढुंकूनही बघत नाही. वाटेल, हिंदी-उर्दूत तर 'मैंने किताब पढ़ी' असतं, ती तरी मराठीच्या बाजूनं असेल. पण सोलापुरात बोलतात ती दखनी, आणि दखनीनं 'ने' कधीच टाकून दिलाय: 'मैं किताब पढ़ा'. म्हणजे गल्लीतल्या चार भाषांपैकी तीन भाषा एका बाजूला, आणि कर्मणी प्रयोग एकट्या मराठीत. मराठी त्यांच्यात सामील झाली, तर तिला बिघडली म्हणायचं की शेजारधर्म पाळला म्हणायचं?

हे फक्त सोलापूरचं नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू यांची सरमिसळ अभ्यासली. तो लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि आजही भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्यांना आढळलं ते असं, की तिथल्या लोकांनी आपापले शब्द सोडले नव्हते, पण वाक्याची घडण इतकी सारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. सोलापूरच्या पोराचं 'मी धडा वाचलो' असंच घडलंय. शब्द तिन्ही अस्सल मराठी आहेत, त्यांची मोट फक्त दक्षिणेच्या दोरानं बांधलीय.

आता खुद्द प्रमाण मराठीचंही थोडं बघू. संस्कृतातल्या 'मया कृतम्'चं जुन्या मराठीत 'म्यां केलें' झालं. 'म्यां' म्हणजे 'माझ्याकडून'. कर्ता तृतीयेत गेलाय हे कानाला कळत होतं, म्हणून क्रियापद कर्माकडं वळलेलं खपून जायचं. पुढं प्रमाण भाषेनं हे 'म्यां' टाकलं आणि सगळीकडं 'मी'च वापरायला सुरुवात केली. 'मी गेलो' आणि 'मी केलं', दोन्हीकडं 'मी' दिसायला एकच, पण पहिला प्रथमा आणि दुसरा तृतीया. विभक्तीच्या तक्त्यात अजून 'तृतीया: मी, म्यां' असं छापून येतं आणि मुलं ते घोकतात. ज्या खेड्यांत 'म्या केलं' म्हणतात त्यांचं बोलणं आपण अडाणी ठरवलं, पण ही खूण त्यांनीच जपली. ती पुसली प्रमाण भाषेनं. खूण पुसल्यावर मुलाला 'मी' हा साधा कर्ता वाटला, तर त्यात त्याचं काय चुकलं?

शिवाय नियमातून पळवाटाही प्रमाण भाषेनंच काढल्यात. मी मराठी शिकलो, मी धडा विसरलो, मी पाणी प्यायलो, मी खोटं बोललो, ती शालू नेसली. या सगळ्यांना कर्म आहे, तरी क्रियापद कर्त्याचं. आणि 'तू'च्या बाबतीत तर प्रमाण मराठी दोन्ही दगडांवर पाय ठेवते. 'तू पोळी खाल्लीस' यातली 'ली' पोळीची, 'स' तुझा. पुस्तकात याला संकर प्रयोग म्हणतात आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतो. सोलापुरी मुलानं हीच ओढ सगळ्या क्रियापदांना लावली, की त्याला मात्र अशुद्ध म्हणतात.

चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९५९ साली एका लेखात अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडची जर्मन आणि हैतीची भाषा अशी चार उदाहरणं घेऊन भाषाद्वैताची कल्पना मांडली. एकाच समाजात एका भाषेची दोन रूपं कामं वाटून घेतात. प्रवचन, भाषण, बातमी, पुस्तक हे वरच्या रूपात. घर, बाजार, भांडण हे खालच्या. त्याची मुख्य अट अशी, की वरचं रूप घरी कुणीच बोलत नाही, ते सगळ्यांनाच शिकावं लागतं. या कसोटीवर मराठी पूर्ण बसत नाही. 'मी काम केलं' हे पुण्यातल्या काही घरांत पाळण्यापासून ऐकू येतं. म्हणजे अरबस्तानात सगळीच मुलं एका ओळीत उभी राहतात, आणि आपल्याकडं काही मुलं घरूनच चार पावलं पुढं येतात. माझ्या मते यामुळं आपलं प्रकरण अरबीपेक्षा सौम्य होत नाही, उलट जास्त बोचरं होतं.

पण मराठीचं एक रूप फर्ग्युसनच्या व्याख्येत चपखल बसतं, आणि ते म्हणजे छापील 'केले'. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनं १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली आणखी चार आले आणि एकूण अठरा झाले. त्यांनुसार कुणाचं बोलणं दाखवायचं असेल तर 'असं केलं', एरवी लिहिताना 'असे केले'. हे 'असे केले' महाराष्ट्रात कुठल्याच घरात जेवताना बोलत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्यांत, सरकारी पत्रात आणि पाठ्यपुस्तकात ते राहतं. तेव्हा आमच्या पाचवीतल्या मुलापुढं दोन नाही, तीन मराठी असतात. घरची 'काम केलो', मास्तरांच्या तोंडची 'काम केलं' आणि पुस्तकातली 'काम केले'. पुण्याच्या मुलाला यातली एकच उडी मारायची असते, तीही अनुस्वार काढून मात्रा देण्याएवढी.

फर्ग्युसननं आणखी एक गोष्ट टिपली होती: लोक खालच्या रूपाचं अस्तित्वच नाकारतात, त्याला व्याकरणच नाही म्हणतात. सोलापुरात याचा पुरावा शोधायला जावं लागत नाही. "आमची मराठी काय शुद्ध नाही बघा" हे वाक्य इथला माणूस पाहुण्याला पहिल्या भेटीत, कुणी न विचारता सांगतो. मी स्टाफरूममध्ये मुलीच्या आणि मुलाच्या वहीचं ते 'ले-लो'चं उदाहरण मांडलं, तेव्हा एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "ते सगळं खरं सर, पण कानडी शिरलं की भाषा बिघडणारच की." मग त्याच बाईंनी शिपायाला हाक मारून विचारलं, "हेडसर बोलावले काय रे?"

बिघाड कुणाचा आणि बदल कुणाचा, हे कसं ठरतं बघा. मुंबईकडं 'मी गेलो होतो'च्या जागी 'मी गेलेलो' आणि 'मी त्याला म्हणालो'च्या जागी 'मी त्याला बोललो' रुळलंय. मालिकांतल्या सुशिक्षित नायक-नायिकांच्या तोंडी ते सर्रास असतं, आणि 'अशुद्ध' म्हणणारे लोक असले तरी पात्र त्यामुळं गावंढळ ठरत नाही. 'मी काम केलो' मात्र मालिकेत मला कधीच भेटलं नाही, अगदी खेडवळ पात्राच्या तोंडीही नाही. तिथल्या गावरान मराठीत 'व्हय', 'न्हाय', 'आरं' असतं, पण व्याकरण शहरातलंच. नट उच्चार बदलतो, कर्मणी प्रयोग सोडत नाही. त्यामुळं सोलापूरच्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखं बोलणारं कुणी दिसत नाही, हसण्यासाठीसुद्धा नाही. अलीकडं रीलवर आमच्या 'काय बे' आणि 'करायलोय'चा धंदा जोरात चाललाय. पण तिथंही जरा गंभीर बोलायची वेळ आली की बोलणारा झटक्यात पुणेरी होतो.

मग शाळेत काय करायचं? बोलीतच लिहू द्या, असं मी म्हणत नाही. एका मुलीच्या आईनं, विडी वळता वळता, मला स्पष्ट सांगितलं होतं, "घरचं आम्ही शिकवतो की सर. तुम्ही ते पुस्तकातलं शिकवा, पोरगी उद्या पुण्याला जाणाराय." तिचं बरोबर आहे. प्रमाण भाषा शिकवायचीच. पण 'कानाला कसं वाटतं' या पद्धतीनं ती आमच्या मुलांना शिकवता येत नाही, कारण ती पद्धत ज्यांच्या घरात ही भाषा आहे त्यांच्यासाठीच चालते. आमच्याकडं ती जवळजवळ परभाषेसारखी, नियम उघड करून शिकवावी लागते.

मी आधी घरचं वाक्य फळ्यावर लिहून घेतो: 'मी पोळी खाल्लो'. त्यावर फुली मारत नाही. क्रियापद कुणाच्या मागं आहे ते मुलांनाच विचारतो. ती लगेच सांगतात, 'मी'च्या. मग शेजारी 'मी पोळी खाल्ली' लिहितो आणि पुन्हा विचारतो. 'पोळीच्या' हे उत्तर यायला जरा वेळ लागतो, पण एकदा आलं की मुलं आपणहून आंबा, केळं, भाकरी लावून बघतात. सुरुवातीला कर्म मुद्दाम स्त्रीलिंगी घ्यायचं. नपुंसकलिंगी घेतलं तर मुलींचा 'ले' घात करतो. त्यांना नियम कळला की योगायोग घडला हे मास्तरला कळत नाही.

यातही एक गोम आहे. नियम शिकवल्यावर काही दिवसांनी नवीनच वाक्यं येऊ लागतात: 'मी धडा विसरला', 'मी मराठी शिकली' (लिहिणारा मुलगा!), 'त्याने शाळेत गेला', 'पाहुण्यांनी आले'. शिक्षक कपाळाला हात लावतात, पोरगं होतं त्याहून बिघडलं म्हणतात. खरं तर यातून कळतं की नियम डोक्यात शिरलाय आणि तो जिथं लागू नाही तिथंही लावला जातोय. 'त्याने गेला' लिहिणाऱ्याला कर्म असलेलं आणि नसलेलं क्रियापद यांतला फरक दाखवायचा राहिलाय. 'धडा विसरला' लिहिणाऱ्याला अपवादांची यादी द्यायची राहिलीय. शिकणं, विसरणं, बोलणं, पिणं, नेसणं, भेटणं, चुकणं अशी ती यादी छोटीच आहे, एका तासात होते. पण दोन्हींवर एकच तांबडी फुली पडली, तर मूल घरचं सोडतं आणि पुस्तकातलंही त्याला धड धरता येत नाही. मग ते निबंधात भूतकाळच टाळायला लागतं. 'मी रोज उठतो, मी धडा वाचतो' अशी सगळी वही वर्तमानकाळात दिसली, की मी समजतो कुणीतरी या मुलाला 'लो'वरून फार छळलेलं आहे.

माझा एक मित्र वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. त्याच्याकडं हाच प्रश्न दुसऱ्या अंगानं येतो. बातमीदार वस्तीत जाऊन प्रतिक्रिया आणतो: 'आम्ही अर्ज केलाव, साहेब सांगितले दोन दिवसांत पाणी सोडतो म्हणून.' छापताना त्याचं होतं, 'आम्ही अर्ज केला, साहेबांनी दोन दिवसांत पाणी सोडण्याचे आश्वासन दिले.' फोटो त्या बाईचा, नाव तिचं, आणि मराठी डेस्कवरची. मित्र म्हणतो, इथपर्यंत ठीक आहे, अर्थ बदलत नाही. पण एकदा एका तरुणाची प्रतिक्रिया आली: 'रात्री पोलीस बोलावले न् दोन तास बसवून ठेवले.' सोलापुरी कानाला अर्थ स्वच्छ आहे. बोलावणारे पोलीस, बसून राहिलेला हा तरुण. प्रमाण व्याकरणानं वाचलं तर 'पोलीस' हे कर्म होतं: कुणीतरी पोलिसांना बोलावून घेतलं आणि त्यांनाच दोन तास बसवून ठेवलं! डेस्कवरचा माणूस बाहेरगावचा असता, तर त्यानं ते 'पोलिसांना' करून टाकलं असतं आणि तक्रारदाराचा आरोपी झाला असता. तेव्हापासून मित्राचा नियम असा: अशा वाक्यात 'कोण, कोणाला' हे बातमीदाराला फोन करून विचारायचं, आणि मगच 'ने' लावायचा.

मी त्याला म्हटलं, त्यापेक्षा जसं बोलला तसं छापत जा. तो हसला. "एकट्या त्याचंच तसं छापलं, तर लोक बातमी सोडून त्याच्या भाषेला हसतील," म्हणाला. मुद्दा खोटा नाही. बोली छापून येते ती बहुधा गरिबाच्या किंवा विनोदाच्या वाट्याला. मोठ्या माणसाचं बोलणं आधीच धुऊन, इस्त्री करून येतं. म्हणून मी म्हटलं, मग सगळ्यांचंच छाप. नगरसेवक पत्रकार परिषदेत 'आम्ही ठराव केलाव' म्हणाले, तर तेही जसंच्या तसं जाऊ दे.

"छापतो की," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन तू घेणार का?"